घटक 6 : पगारवाढीचे संभाषण आणि त्याची तालीम

6.1 प्रास्ताविक

मागील घटकांत आपण अर्ज, निवेदन आणि कार्यालयीन पत्र यांचा अभ्यास केला. लेखनाची एक सोय असते. चुकीचा शब्द खोडता येतो, मसुदा रात्रभर बाजूला ठेवता येतो, आणि पत्र वाचणारा वाचत असताना त्याचा चेहरा आपल्याला पाहावा लागत नाही. संभाषणात यांपैकी काहीच मिळत नाही. तोंडातून निघालेले वाक्य परत घेता येत नाही, आणि समोरच्याची भुवई किंचित उंचावली तरी आपले पुढचे वाक्य बदलते. व्यावहारिक मराठीतील ज्या संभाषणात हा ताण सर्वाधिक जाणवतो, अशा एका प्रसंगाचा, म्हणजे पगारवाढ मागण्याचा, विचार या घटकात करावयाचा आहे. तुमच्यापैकी बहुतेक जण नोकरी करीत शिकत आहेत. त्यामुळे हा प्रसंग तुम्हाला नवा नसेल. कदाचित तो तुम्ही वर्षानुवर्षे पुढे ढकलत आला असाल.

उदाहरणासाठी आपण नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात जाऊ. मोटारींचे सुटे भाग बनवणारा, पन्नास-साठ माणसांचा हा कारखाना कल्पित आहे आणि त्यातील गुणवत्ता विभागात काम करणारी तपासनीसही कल्पित आहे. मात्र तिची परिस्थिती अंबड-सातपूरच्या शेडमध्ये काम करणाऱ्या अनेकांना ओळखीची वाटेल. तिला या कारखान्यात पाच वर्षे झाली. कपातीपूर्वीचा तिचा महिन्याचा पगार 18,400 रुपये आहे. सिडकोत भाड्याच्या दोन खोल्यांत ती आणि तिची आई राहतात. आईला मधुमेह आहे, रक्तदाबही आहे, आणि तिचे औषधपाणी राज्य कामगार विमा योजनेतून, म्हणजे कामगारांच्या भाषेत ‘ईएसआय’मधून, चालते. गेल्या जूनमध्ये विभागातील ज्येष्ठ तपासनीस नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी कोणी आले नाही. त्यांचे काम हिच्याकडे आले, पगार मात्र होता तोच राहिला.

6.2 धडधड नेमकी कोठे होते?

ही तपासनीस आठ महिने रोज स्कूटीवरून येता-जाता हे संभाषण मनातल्या मनात करीत होती. अशी मनातली तालीम आपण सगळेच करतो आणि तिचा उपयोग फारसा होत नाही. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मनात बोलताना आपले साहेबही आपणच रचतो. ते एक तर ताबडतोब मान्य करतात किंवा आपल्या भीतीइतके क्रूर होतात. खरे साहेब या दोहोंपैकी काहीच करीत नाहीत. शिवाय मनात वाक्य कधी अडखळत नाही, कारण तेथे जिभेला आणि श्वासाला काम नसते. अडखळण्याची जागा कळल्याशिवाय ती दुरुस्त करता येत नाही.

म्हणून पहिली पायरी अशी : खोलीचे दार लावावे, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करावे आणि कोणतीही तयारी न करता साहेबांशी बोलतो आहोत असे समजून मोठ्याने बोलावे. नंतर ते ऐकून जसेच्या तसे लिहून काढावे. आपल्या तपासनिसाच्या पहिल्या मुद्रणाचे लेखी रूप असे झाले :

‘साहेब, ते... म्हणजे तसं काही अर्जंट नाहीये, तुम्ही बिझी असाल तर नंतर येते... ते पगाराचं जरा बघायचं होतं. म्हणजे सगळ्यांचंच असतं तसं, पण आता महागाई पण बघा ना किती... तर काही जमलं तर... नाही जमलं तरी काही नाही.’

हा उतारा तुम्ही भाषेचे विद्यार्थी म्हणून वाचा. त्यात तिने केलेल्या कामाचा एकही उल्लेख नाही. आकडा नाही. उलट नकार देणाऱ्यासाठी तिने स्वतःच तीन दारे उघडून ठेवली आहेत : ‘नंतर येते’, ‘सगळ्यांचंच असतं’ आणि ‘नाही जमलं तरी काही नाही’. साहेबांना नाही म्हणण्याचे कष्टही उरलेले नाहीत. ध्वनिमुद्रण ऐकताना तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. सुरुवातीला स्पष्ट असलेला आवाज ‘पगार’ या शब्दावर एकदम खाली गेला होता आणि पुढे तसाच पुटपुटत राहिला होता.

भीती संभाषणभर सारखी पसरलेली नसते, हे यावरून दिसते. पगारवाढीच्या संभाषणात ती सहसा तीन ठिकाणी दाटते : विषय काढताना, आकडा उच्चारताना आणि आकडा उच्चारल्यानंतरच्या शांततेत. कामाची माहिती देताना हीच व्यक्ती व्यवस्थित बोलते. मायक्रोमीटरवर कोणता जॉब का नाकारला, हे साहेबांना सांगताना तिचा आवाज कधी कापला नव्हता. तेव्हा तालीम सगळ्या संभाषणाची करावयाची नाही. या तीन जागांची करावयाची आहे. संपूर्ण भाषण पाठ करणाऱ्याची मेहनत सोप्या भागावर खर्च होते आणि अवघड भाग कच्चा राहतो.

6.3 आकडा

ज्या आकड्यावर आपलाच विश्वास नसतो तो तोंडातून नीट निघत नाही. त्यामुळे वाक्याआधी आकडा पक्का व्हावा लागतो.

आपल्या तपासनिसाने शेजारच्या कारखान्यांतील ओळखीच्यांकडे आणि भरतीच्या जाहिरातींत चौकशी केली. तिच्याइतका अनुभव आणि ग्राहक कंपनीची कागदपत्रे सांभाळण्याची जबाबदारी असलेल्या माणसाला एकवीस ते बावीस हजार मिळतात, असे तिला आढळले. साहजिकच तिने 22,000 रुपये मागायचे ठरवले. येथे एक गोष्ट तिच्या नजरेतून निसटली होती. अंबडसारख्या वसाहतीत काम करणाऱ्या प्रत्येकाने ती माहीत करून घ्यावी.

ईएसआय योजनेची वेतनमर्यादा 2017 च्या जानेवारीपासून दरमहा 21,000 रुपये ठेवण्यात आली. या मर्यादेच्या आतील कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के अंशदान भरले जाते. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना वैद्यकीय उपचार मिळतात. पगार मर्यादेपलीकडे गेला तरी चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत कामगार योजनेत राहतो. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. त्यानंतर अंशदान थांबते आणि काही महिन्यांनी उपचारांचा हक्कही संपतो. (ओव्हरटाइमची रक्कम ही मर्यादा ठरवताना धरली जात नाही. अनेकांना याची विनाकारण धास्ती असते, म्हणून येथे नोंदवले. आकडा ठरवताना त्या वेळी लागू असलेली मर्यादा मात्र आपल्या कारखान्यातील हिशेब विभागाकडून तपासून घ्यावी.)

बावीस हजार मिळाले असते तर हातात काही हजार जास्त आले असते खरे, पण आईचे औषधपाणी खिशातून करावे लागले असते. त्या वयाच्या मधुमेही व्यक्तीचा खासगी आरोग्य विमा स्वस्त नसतो, आणि जुन्या आजारांसाठी त्यात बहुधा प्रतीक्षेचा काळ असतो. हा हिशेब कागदावर मांडल्यावर तिने आकडा बदलून 20,900 रुपये केला, म्हणजे अडीच हजारांची, सुमारे साडेतेरा टक्क्यांची वाढ. ती सगळी मूळ वेतनात धरली तर भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के, म्हणजे 300 रुपये, जादा कापले जातील. ईएसआयची कपात 138 वरून 157 रुपये होईल. आणि हातात सुमारे 2,180 रुपये वाढून येतील. मर्यादा पार करावयाचीच असेल तर ती चांगली लांब उडी मारून करावी, ती शंभर-पाचशे रुपयांसाठी ओलांडण्यात तोटा आहे, हेही तिला कळले.

आकड्याचे हे गणित येथे एवढ्या विस्ताराने दिले, कारण त्याचा धडधडीशी थेट संबंध आहे. ‘बावीस हजार’ हा तिने ऐकलेला आकडा होता आणि तो उच्चारताना ती अडखळे. ‘वीस हजार नऊशे’ हा तिने स्वतः काढलेला आकडा होता. तो असाच का, हे तिला माहीत होते. दुसऱ्या मुद्रणात तिचा आवाज त्या ठिकाणी पूर्वीइतका खाली गेला नाही.

6.4 वाक्य घडवताना

मराठीत मागणे मांडण्याचे अनेक मार्ग आहेत आणि प्रत्येकाचा वास वेगळा आहे. ‘मागणी’ या शब्दामागे फलक आणि घोषणा येतात. एकट्या व्यक्तीने केबिनमध्ये ‘माझी मागणी आहे’ म्हटले की संघर्षाची सूचना दिल्यासारखे होते. ‘विनंती’ अर्जात शोभते. पण बोलताना तिच्यामुळे वाढ हा उपकार ठरतो आणि उपकाराला मुदत नसते. ‘अपेक्षा’ हा या प्रसंगी बरा शब्द आहे. त्यात आग्रह आहे, उद्धटपणा नाही, आणि अपेक्षा पूर्ण झाली की नाही हे नंतर विचारता येते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट क्रियापदाची आहे. ‘माझ्या पगाराचा विचार व्हावा’ हे वाक्य पाहा. ‘व्हावा’ हे विध्यर्थी रूप सभ्य आहे, पण विचार कोणी करावयाचा हे वाक्यात नाही. कर्ता नसलेल्या वाक्याला कर्ता नसलेलेच उत्तर मिळते : ‘होईल, होईल.’ शिवाय तिने मागितला तो विचार. साहेब विचार करतीलही आणि गोष्ट तेथेच संपेल. कार्यालयीन लेखनात आपण हे रूप पुष्कळ वापरतो आणि त्याची सवय बोलण्यात उतरते. या प्रसंगी मात्र कर्ता, कर्म आणि संख्या तिन्ही वाक्यात असू द्यावीत. आपल्या तपासनिसाने चार-पाच मसुदे खोडून शेवटी ठरवलेली वाक्ये अशी होती :

‘साहेब, गेल्या जूनपासून ग्राहकाची सगळी कागदपत्रं आणि गेजच्या कॅलिब्रेशनचं रजिस्टर मी सांभाळते आहे. आधीच्या वर्षात ग्राहकाच्या अकरा तक्रारी होत्या, या वर्षात चार आल्या. तुम्ही माझा पगार एप्रिलपासून वीस हजार नऊशे करावा, अशी माझी अपेक्षा आहे.’

लिहिण्याची भाषा आणि बोलण्याची भाषा यांतील फरकाकडे लक्ष द्या. ‘कागदपत्रं’, ‘कॅलिब्रेशनचं’ ही बोलीतील रूपे तिने मुद्दाम ठेवली. ‘सांभाळीत आहे’ असे ती एरवी साहेबांशी बोलत नाही. त्या दिवशीच बोलली असती तर पाठ केलेले वाक्य म्हणून ते उघडे पडले असते. महागाईचा उल्लेख तिने काढून टाकला. महागाई खरी आहे, पण ती सर्वांना लागू आहे, आणि ‘सगळ्यांचंच असतं’ हे उत्तर तिच्यातच दडलेले आहे.

आणखी एक बारकावा. आपण मराठीत ‘वीस-एकवीस’, ‘दोन-तीन’ अशा जोडसंख्या सहज बोलतो. त्यात अदब असते. पगाराच्या बोलण्यात ही अदब महागात पडते. ‘वीस-एकवीस हजार’ म्हणणाऱ्याचे ऐकणाऱ्याच्या कानात ‘वीस’ राहते. संख्या एकच सांगावी.

संख्या सांगून झाल्यावर थांबावे. ही सगळ्यांत अवघड जागा आहे. दोन-तीन सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला फार मोठी वाटते आणि ती भरण्यासाठी तो ‘म्हणजे, थोडं कमी झालं तरी चालेल’ असे स्वतःच म्हणून बसतो. समोरच्याने अजून तोंडही उघडलेले नसते, आणि आपणच आपल्याशी घासाघीस करून हरलेलो असतो. आपल्या तपासनिसाने याचा वेगळा सराव केला. वाक्य संपवायचे, ओठ मिटायचे आणि मनात पाचपर्यंत मोजायचे. पहिल्या दिवशी तिला तीनच्या पुढे जाता आले नाही.

6.5 समोरची भूमिका

आतापर्यंतची तयारी एकट्याची होती. खरी तालीम दुसऱ्या माणसाशिवाय होत नाही. संगीत रंगभूमीच्या इतिहासात गोविंद बल्लाळ देवल हे नाटककार म्हणून जेवढे ज्ञात आहेत, तेवढेच नटांना घडवणारे तालीममास्तर म्हणूनही. नटाला आपले वाक्य पाठ असणे ही तालमीची केवळ सुरुवात असते. समोरच्याचे वाक्य ऐकून आपले वाक्य येणे, यासाठी तालीम असते. मानसोपचारातही भूमिका वठवून सराव करण्याची पद्धत आहे. आर्नल्ड लाझारस या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यक्तींमधील अडचणींसाठी तीन मार्गांची तुलना केली : नुसते ऐकून घेणे, सल्ला देणे आणि प्रसंगाची प्रत्यक्ष तालीम करून घेणे. त्यात तालमीचा परिणाम स्पष्टपणे सरस ठरला. सल्ला देणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. समोर बसून साहेब होणारा क्वचितच मिळतो.

आपल्या तपासनिसाने अभ्यासकेंद्रावरील एका मैत्रिणीला साहेब केले. साहेब काय म्हणू शकतात, अशी सहा वाक्ये त्यांनी चिठ्ठ्यांवर लिहिली आणि मैत्रिणीने दर वेळी न सांगता एक उचलावी असे ठरले. त्यांतील चार वाक्ये येथे विचारात घेऊ.

‘सध्या ऑर्डर कमी आहेत.’ हे खरे असू शकते. त्यावर वाद घालू नये. तिने तयार केलेले उत्तर होते : ‘मग किती आणि कधीपासून शक्य होईल, ते आज ठरवू या.’

‘तुला दिला तर बाकीच्यांना काय सांगू?’ या चिठ्ठीला तिला सुरुवातीला काहीच सुचले नाही. तेव्हा दोघींनी भूमिका बदलल्या आणि ती स्वतः साहेब झाली. त्या खुर्चीवरून तिला दिसले की हा नकार नसून साहेबांची खरी अडचण आहे. एकाला वाढ दिली की दुसऱ्या दिवशी पाच जण दारात उभे राहतात, याची धास्ती त्यांनाही आहे. उत्तर तेथून सापडले : ‘रिकाम्या झालेल्या जागेचं काम मी करते आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. कारण विचारलं तर तेच सांगता येईल.’ भूमिका बदलून पाहण्याचा हा लाभ मनातल्या तालमीत मिळत नाही.

‘आम्ही तुला घरचीच समजतो.’ हे वाक्य प्रेमाचे आहे आणि म्हणूनच ते सर्वांत निरुत्तर करणारे आहे. साहेब तिला ‘तू’ म्हणतात, ती त्यांना ‘तुम्ही’ म्हणते; या वाक्याने तो फरक आणखी वाढतो, कारण घरच्या मुलीने वडीलधाऱ्याकडे पैशाचे बोलणे काढणे अवघडच. या चिठ्ठीवर तिच्या डोळ्यांत दोनदा पाणी आले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, ‘हो साहेब, म्हणूनच बाहेर कुठं न बोलता आधी तुमच्याशी बोलते आहे,’ आणि पुन्हा आकडा सांगितला. घरपण नाकारायचे नाही आणि आकडाही सोडायचा नाही.

‘बघू.’ मराठीतील या दोन अक्षरांवर खरे तर स्वतंत्र टीप लिहिता येईल. तो होकार नसतो आणि नकारही नसतो. बोलणे सन्मानाने संपवण्याची ती रीत असते. बहुतेक लोक येथे ‘बरं साहेब’ म्हणून उठतात आणि सहा महिने वाट पाहतात. ‘बघू’ला एकच उत्तर पुरते : ‘बरं. मग मी येत्या सोमवारी येऊ का?’ तारीख मिळाली की ‘बघू’चा अर्थ बदलतो.

तालीम किती करावी? या दोघींनी आठवडाभरात चार वेळा, प्रत्येकी सुमारे वीस मिनिटे केली. जास्त झाल्याची खूण ओळखता येते. वाक्ये एकाच चालीवर येऊ लागतात आणि मध्येच कोणी तोडले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. असे होऊ लागल्यास शब्द बदलून, मधूनच सुरू करून, एकदा उभे राहून तर एकदा चालता चालता तालीम करावी. क्रम मोडला तरी चालेल. काम, आकडा आणि तारीख या तीन गोष्टी सुटू नयेत.

6.6 प्रत्यक्ष दिवस

विषय काढण्याची भीती तिने आदल्या दिवशीच अर्धी केली. महिन्याअखेरच्या डिस्पॅचची धावपळ संपल्यानंतरचा दिवस निवडून ती साहेबांना म्हणाली, ‘साहेब, माझ्या पगाराविषयी तुमच्याशी पंधरा मिनिटं बोलायचं आहे. उद्या चारनंतर जमेल का?’ ‘जरा बोलायचं होतं’ असे मोघम सांगितले असते तर दुसऱ्या दिवशी विषय काढण्याचे ओझे शिल्लक राहिले असते. आता ‘पगार’ हा शब्द आधीच उच्चारून झाला होता.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला तिची छाती धडधडत होती. इतकी तालीम करूनही धडधड कशी राहिली, असे तुम्ही विचाराल. तालमीने धडधड जात नाही. ती असतानाही वाक्य येते, एवढेच होते. अशा वेळी ‘शांत हो, शांत हो’ असे स्वतःला बजावणे फारसे उपयोगी पडत नाही. ॲलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाणे किंवा भाषण यांसारख्या कामाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ असे मोठ्याने म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. वेगाने चालणारे हृदय हे भीतीचे लक्षण आहे तसे उमेदीचेही आहे. शरीर तेच करीत असते. आपण त्याला नाव कोणते देतो, याने फरक पडतो. तिने पाणी प्यायले, एकदा सावकाश श्वास सोडला आणि ती आत गेली.

संभाषण ठरवल्यासारखे झाले नाही. तिचे दुसरे वाक्य सुरू असतानाच साहेबांचा फोन वाजला. फोन संपल्यावर ते म्हणाले, ‘हां, काय म्हणत होतीस?’ मधूनच सुरू करण्याचा सराव येथे कामी आला. तिने थेट तक्रारींच्या आकड्यापासून सुरुवात केली, अपेक्षा सांगितली आणि ती थांबली. मनात चारपर्यंत मोजून झाले होते. साहेब म्हणाले, ‘एकदम अडीच हजार?’ हे वाक्य सहा चिठ्ठ्यांत नव्हते. ती एवढेच म्हणाली, ‘हो साहेब.’ पुन्हा शांतता झाली. मग ऑर्डर कमी असल्याचे बोलणे निघाले, आणि त्याचे उत्तर तिच्याकडे होते. शेवटी एप्रिलपासून दीड हजार आणि ऑक्टोबरपासून आणखी एक हजार असे ठरले.

संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी तिने साहेबांना फोनवर संदेश पाठवला : ‘साहेब, आज वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. ठरल्याप्रमाणे माझा पगार एप्रिलपासून 19,900 रुपये आणि ऑक्टोबरपासून 20,900 रुपये होईल, असे मी समजते. काही चुकले असल्यास कळवावे.’ येथे ती बोलीतून पुन्हा लेखी प्रमाणभाषेत आली, हे तुमच्या लक्षात आले असेल. बोललेले विसरले जाते. ऑक्टोबर येईपर्यंत सहा महिने जायचे होते.

6.7 या तालमीच्या मर्यादा

ही पद्धत सर्वत्र लागू नाही. ज्या कारखान्यात मान्यताप्राप्त संघटना आहे आणि वेतन करार होतो, तेथे करारात येणाऱ्या कामगाराची वाढ केबिनमधील संभाषणाने ठरत नाही. तेथे प्रतिनिधीशी बोलावे. पगार किमान वेतनापेक्षा कमी असेल किंवा जादा कामाचा कायद्याने ठरलेला मोबदला मिळत नसेल, तर प्रश्न अपेक्षेचा राहत नाही, हक्काचा होतो. त्यासाठी कामगार आयुक्त कार्यालय आहे, आणि तेथे 6.4 मधील सौम्य शब्दरचना उपयोगाची नाही. तसेच, मालकाकडे खरोखरच पैसे नसतील तर उत्तम तालीम केलेले वाक्यही पैसे निर्माण करीत नाही. अशा वेळी मिळालेला स्पष्ट नकार हीही माहितीच असते. दुसरीकडे चौकशी करावी की नाही, हे तिच्या आधारे ठरवता येते.

स्वयं-अध्ययन

1. ‘माझ्याकडेही जरा लक्ष असू द्यावे’ आणि ‘यंदा काहीतरी व्हायला हवे’ या दोन वाक्यांत कर्ता, कर्म आणि संख्या यांपैकी काय गाळले गेले आहे ते सांगा. दोन्ही वाक्ये साहेबांशी बोलता येतील अशा बोलीत पुन्हा लिहा.

2. तुमच्या अलीकडच्या पगारपत्रकावरून मूळ वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय यांच्या रकमा उतरवून घ्या. तुम्हाला अपेक्षित असलेली वाढ मिळाल्यास प्रत्यक्ष हातात किती येईल ते काढा. ईएसआयची वेतनमर्यादा ओलांडली जात असेल, तर तुमचा आकडा बदलतो का, ते दोन वाक्यांत लिहा.

3. तयारी न करता एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण करा आणि ते जसेच्या तसे लिहून काढा. आवाज जेथे खाली गेला तो शब्द अधोरेखित करा. हा कागद संपर्कसत्राला येताना सोबत आणा. सत्रात जोड्या करून चिठ्ठ्यांची तालीम घेतली जाईल. साहेबांची भूमिका प्रत्येकाने किमान एकदा करावयाची आहे.